दोन केंद्रं, चार चित्रं, पण पदार्थ तीनच: R, S आणि मेसो संयुगाची ओळख

सेंद्रिय रसायनशास्त्र शिकताना एक हिशेब हमखास चुकतो. रेणूत एक कायरल केंद्र असेल तर त्याची दोन रूपं होतात. दोन केंद्रं असतील तर दोन गुणिले दोन, म्हणजे चार. टार्टारिक आम्लाच्या रेणूत अशी दोन केंद्रं आहेत आणि कागदावर त्याची चार चित्रं काढताही येतात. पण वेगवेगळ्या बाटल्यांत भरता येतील असे पदार्थ तीनच निघतात.

चौथा गेला कुठे? चार असं उत्तर लिहिणाऱ्याचा गुणाकार बरोबरच असतो. त्याने एकाच रेणूला दोन नावांनी दोनदा मोजलेलं असतं. ही दुबार नोंद पकडायची एक भरवशाची पद्धत आहे: प्रत्येक केंद्राला R किंवा S हे नाव नीट, घाई न करता द्यायचं. चित्राकडे टक लावून आरसा शोधण्यापेक्षा ही वाट लांबची वाटते, पण फसवत नाही. म्हणून हा सगळा लेख टार्टारिक आम्ल या एकाच पदार्थाच्या आधाराने लिहितो आहे. या विषयाचा इतिहासही बराचसा याच पदार्थाभोवती घडला आहे.

## कायरल म्हणजे नेमकं काय

उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात घालून पाहा. बोटं तेवढीच, कापड तेच, शिवणही तशीच, तरी तो बसत नाही. दोन्ही मोजे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं आहेत, पण कसेही फिरवले तरी एकावर दुसरा तंतोतंत बसत नाही. ज्या वस्तूचं प्रतिबिंब तिच्याशी असं जुळत नाही ती वस्तू कायरल.

कार्बनचा अणू चार हात पसरून उभा असतो. हे चार हात सपाट कागदावरच्या अधिक चिन्हासारखे नसतात, तर चार कोपऱ्यांच्या पिरॅमिडच्या टोकांकडे रोखलेले असतात. या चार हातांना चार वेगवेगळे गट जोडलेले असतील तर त्यांची मांडणी दोनच प्रकारे होते, आणि त्या दोन मांडण्या मोज्यांच्या जोडीसारख्या असतात. अशा कार्बनला कायरल केंद्र म्हणतात. यातली कुठली मांडणी प्रत्यक्षात आहे हे ठामपणे सांगणं म्हणजे त्या केंद्राचा निरपेक्ष विन्यास सांगणं. R आणि S ही त्याचीच दोन नावं.

टार्टारिक आम्लाची साखळी चार कार्बनची आहे. दोन्ही टोकांना COOH, आणि मधल्या दोन कार्बनवर प्रत्येकी एक OH व एक H.

```
      (क)             (ख)             (ग)             (घ)

     COOH            COOH            COOH            COOH
      |               |               |               |
  H --+-- OH     HO --+-- H       H --+-- OH     HO --+-- H
      |               |               |               |
 HO --+-- H       H --+-- OH      H --+-- OH     HO --+-- H
      |               |               |               |
     COOH            COOH            COOH            COOH
```

चित्रं काढायच्या या पद्धतीला फिशर प्रक्षेपण म्हणतात. प्रत्येक फुली हा एक कार्बन. आडव्या रेघांवरचे गट कागदातून आपल्या दिशेने पुढे आलेले असतात आणि उभ्या रेघांवरचे मागे गेलेले. हा संकेत विसरला की पुढचं सगळं उत्तर उलटं येतं, म्हणून चित्र हातात घेतल्याबरोबर तो मनात म्हणून घ्यावा.

## पहिली पायरी: चौघांचा मानक्रम

R की S हे ठरवण्याआधी केंद्राला जोडलेल्या चार गटांची क्रमवारी लावावी लागते. आज जगभर वापरले जाणारे हे नियम कान, इंगोल्ड आणि प्रेलॉग या तीन रसायनशास्त्रज्ञांनी घालून दिले. १९५६ साली आणि नंतर अधिक विस्ताराने १९६६ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले.

मूळ नियम छोटा आहे. केंद्राला थेट चिकटलेला अणू बघायचा. ज्याचा अणुक्रमांक मोठा तो वरचढ. क चित्रातला वरचा मधला कार्बन, म्हणजे साखळीतला दुसरा, घेऊ. त्याला OH मधला ऑक्सिजन चिकटला आहे, अणुक्रमांक ८. COOH मधला कार्बन, अणुक्रमांक ६. शेजारचा तिसरा कार्बन, त्याचाही ६. आणि हायड्रोजन, १. तेव्हा OH पहिला, H शेवटचा, इथवर काही अडचण नाही. मधे दोन कार्बन बरोबरीत अडकले.

बरोबरी झाली की एक पाऊल बाहेर टाकायचं. त्या कार्बनला पुढे कोण कोण जोडलेलं आहे त्याची यादी करायची, मोठ्या अणुक्रमांकापासून लहानाकडे. तिसऱ्या कार्बनला पुढे O, C आणि H आहेत. COOH च्या कार्बनला एक ऑक्सिजन दुहेरी बंधाने आणि एक एकेरी बंधाने जोडला आहे. दुहेरी बंधाचा अणू दोनदा मोजायचा असा नियम आहे, म्हणून त्याची यादी O, O, O. आता दोन याद्या शेजारी ठेवून क्रमाने तुलना करायची. पहिल्या जागी दोन्हींकडे O. दुसऱ्या जागी एकीकडे O तर दुसरीकडे C. फरक सापडला, निकाल लागला, COOH वरचढ.

इथेच सर्वांत जास्त चुका होतात. तिसऱ्या कार्बनच्या बाजूला केवढा पसारा आहे! त्याच्यावर OH आहे, H आहे, पलीकडे अख्खा दुसरा COOH आहे. म्हणून मुलं त्याला वरचा मान देतात, किंवा सगळ्या अणूंच्या क्रमांकांची बेरीज करून बसतात. मानक्रम गटाच्या आकारावर किंवा बेरजेवर ठरतच नाही. शब्दकोशात शब्द लावताना आपण पहिलं वेगळं अक्षर सापडेपर्यंतच बघतो, पुढे शब्द किती लांब आहे हे पाहत नाही. इथेही पहिला फरक दिसला की थांबायचं.

तर दुसऱ्या कार्बनसाठी क्रम असा लागला: OH, मग COOH, मग तिसरा कार्बन, शेवटी H. तिसऱ्या कार्बनलाही हेच लागू. त्याच्यासाठी OH, मग खालचा COOH, मग दुसरा कार्बन, शेवटी H.

## दुसरी पायरी: दिशा

वाऱ्याने उलटी झालेली छत्री डोळ्यांसमोर आणा, पण तिला तीनच काड्या आहेत. दांडा म्हणजे शेवटच्या मानाचा गट. तीन काड्या म्हणजे उरलेले तिघे, दांड्यापासून दूर फाकलेले. दांडा आपल्यापासून पलीकडे जाईल अशी ती छत्री धरायची आणि पहिल्याकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे नजर फिरवायची. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरली तर R, उलट फिरली तर S. ही अक्षरं उजवा आणि डावा या अर्थाच्या रेक्टस आणि सिनिस्टर या लॅटिन शब्दांतून आली आहेत.

फिशर प्रक्षेपणात आपला दांडा, म्हणजे H, आडव्या रेघेवर आहे. आडवे गट आपल्याकडे आलेले असतात. म्हणजे आपण छत्री चुकीच्या बाजूने बघतो आहोत. यावर उपाय सोपा आहे: दिसते ती दिशा नोंदवायची आणि उत्तर उलटं करायचं.

क चित्रातला दुसरा कार्बन: OH उजवीकडे, COOH वर, तिसरा कार्बन खाली. उजवीकडून वर आणि वरून डावीकडून खाली ही फेरी घड्याळाच्या उलट आहे. H आपल्याकडे असल्यामुळे उत्तर फिरवायचं, म्हणून R.

क चित्रातला तिसरा कार्बन: OH डावीकडे, COOH खाली, दुसरा कार्बन वर. डावीकडून खाली, खालून उजवीकडून वर. पुन्हा घड्याळाच्या उलट. पुन्हा फिरवायचं, पुन्हा R.

म्हणजे क हा (2R,3R). एक गोष्ट लक्षात आली का? वर OH उजवीकडे आहे आणि खाली डावीकडे, तरी दोन्ही केंद्रं R निघाली. "OH उजवीकडे म्हणजे R" असा आडाखा बांधणारे इथे अडखळतात. खालच्या केंद्राचा COOH वर नसून खाली आहे, त्यामुळे सगळी फेरीच पालटते.

ख हे क चं आरशातलं प्रतिबिंब. प्रतिबिंबात प्रत्येक केंद्र उलटं होतं, म्हणून ख हा (2S,3S). हे दोघे मोज्यांची जोडी आहेत, एकमेकांवर बसत नाहीत. पदार्थ क्रमांक एक आणि दोन असे मोजून झाले.

## ग आणि घ: इथे दुबार नोंद सापडते

ग चित्रात वरचं केंद्र क सारखंच आहे, म्हणून R. खालच्या केंद्रात OH उजवीकडे, COOH खाली, दुसरा कार्बन वर. उजवीकडून खाली, खालून डावीकडून वर, ही फेरी घड्याळाच्या दिशेने. H पुढे असल्यामुळे उलट करायचं, म्हणून S. तेव्हा ग हा (2R,3S).

घ त्याचं प्रतिबिंब, म्हणून (2S,3R).

नावं वेगळी दिसतात. पण दुसरा आणि तिसरा हे क्रमांक आपण वरून मोजत आलो म्हणून पडले. टार्टारिक आम्लाची दोन्ही टोकं सारखीच COOH आहेत. खालून मोजायला कुणाची आडकाठी आहे? घ ला खालून मोजा: खालचा कार्बन दुसरा होतो, वरचा तिसरा होतो आणि नाव होतं (2R,3S). म्हणजे ग च. कागद कागदावरच अर्धी फेरी फिरवला तरी हेच दिसतं, घ चं चित्र हुबेहूब ग होतं. (फिशर चित्र कागदाच्या पातळीत १८० अंश फिरवायला हरकत नसते. ९० अंश मात्र कधीही फिरवू नये, कारण मग पुढचे गट मागे आणि मागचे पुढे गेल्यासारखे वाचले जातात.)

ग चं प्रतिबिंब ग च निघालं. रेणूत दोन कायरल केंद्रं असूनही अख्खा रेणू कायरल नाही. अशा संयुगाला मेसो म्हणतात. क आणि ख यांना अर्धी फेरी दिली तर क हा क च राहतो आणि ख हा ख च, ते एकमेकांत बदलत नाहीत. म्हणून पदार्थ एकूण तीन.

## केवळ R आणि S एकत्र दिसले की मेसो म्हणायचं का?

नाही. वर जी खालून मोजायची मुभा मिळाली ती दोन्ही टोकं सारखी होती म्हणूनच.

2,3-डायब्रोमोब्युटेन घेतलं तर दोन्ही केंद्रांना Br, H, CH<sub>3</sub> आणि शेजारचं केंद्र असे तेच चार गट आहेत. तिथे R आणि S एकत्र आले की ते मेसो. पण साखळी एका कार्बनने वाढवून 2,3-डायब्रोमोपेंटेन केलं की एका टोकाला CH<sub>3</sub> आणि दुसऱ्या टोकाला CH<sub>2</sub>CH<sub>3</sub> येतं. आता (2R,3S) आणि (2S,3R) हे खरोखर दोन वेगळे पदार्थ आहेत, कारण कुठला कार्बन दुसरा आणि कुठला तिसरा हे आता मोजणाऱ्याच्या मर्जीवर उरत नाही. इथे चारही आयसोमर अस्तित्वात आहेत आणि मेसो एकही नाही.

म्हणून आयसोमरांचा संच समोर आला की मी आधी R आणि S ठरवत बसत नाही. आधी केंद्रांना जोडलेल्या गटांची यादी बघतो. दोन्ही केंद्रांची यादी सारखी नसेल तर मेसोचा विचार तिथेच सोडायचा. सारखी असेल तर नावं द्यायची, आणि नावं विरुद्ध निघाली तर ते मेसो, सारखी निघाली तर कायरल.

## मग सरळ आरसा शोधला तर काय बिघडलं?

ग चित्रात मधोमध आडवी रेघ ओढली तर वरचा अर्धा भाग खालच्याचं प्रतिबिंब दिसतो. म्हणून "दोन्ही OH एकाच बाजूला म्हणजे मेसो" हे वाक्य डोक्यात पक्कं बसतं. फिशर चित्रापुरतं ते खरंही आहे. पण आजकाल रेणू बहुतेक वेळा नागमोडी साखळीने काढतात, आणि तिथे हेच वाक्य बरोबर उलटं उत्तर देतं.

नागमोडी चित्रात साखळी कागदाच्या पातळीत पसरलेली असते. ठळक पाचर म्हणजे गट आपल्याकडे आलेला, तुटक पाचर म्हणजे मागे गेलेला. समजा दुसऱ्या कार्बनचा OH वर आणि ठळक पाचरीवर आहे, तिसऱ्या कार्बनचा OH खाली आणि तोही ठळक पाचरीवर. दोन्ही आपल्या बाजूला, तेव्हा मेसो असेल असं मन म्हणतं. पण नावं देऊन बघू. इथे H मागे आहे, म्हणून उत्तर उलटं करायची गरज नाही. दुसरा कार्बन: OH वर, COOH खाली डावीकडे, तिसरा कार्बन खाली उजवीकडे. फेरी घड्याळाच्या उलट, S. तिसरा कार्बन: OH खाली, COOH वर उजवीकडे, दुसरा कार्बन वर डावीकडे. फेरी पुन्हा घड्याळाच्या उलट, S. म्हणजे हा (2S,3S), आपला ख. मेसो नाहीच.

नागमोडी चित्रात मेसो टार्टारिक आम्ल एक ठळक आणि एक तुटक पाचर घेऊन येतं, आणि त्यात आरशाची रेघ कुठेच दिसत नाही. याचं कारण असं की फिशर चित्रात दोन्ही केंद्रांचे गट समोरासमोर आलेले असतात, तर नागमोडी चित्र काढताना मधल्या बंधाभोवती एका अर्ध्या रेणूला १८० अंश वळवलेलं असतं. वळवल्यावर एका बाजूचे दिसणारे गट विरुद्ध बाजूला जातात. केंद्राचा विन्यास मात्र बंध फिरवल्याने बदलत नाही, म्हणून R आणि S आहेत तसेच राहतात. याच कारणासाठी मी नावांवर भरवसा ठेवा म्हणतो.

## पण रेणू तर सतत फिरत असतो, मग आरसा टिकतो कसा?

ही शंका अगदी रास्त आहे, आणि पाठ्यपुस्तकांत तिला फार कमी जागा मिळते. फिशर चित्रातली समोरासमोरची ठेवण रेणूला सोयीची नसते, कारण गट एकमेकांना अडतात. खोलीच्या तापमानाला मधल्या बंधाभोवती रेणू सतत वळत असतो आणि बहुतेक वेळ अशा ठेवणींत असतो जिथे गट एकमेकांच्या मधल्या फटींत बसतात.

मेसो टार्टारिक आम्लाच्या अशा तीन ठेवणी आहेत. एकीत दोन COOH एकमेकांच्या बरोबर विरुद्ध असतात. तिच्यात आरशाची पातळी नाही, पण मध्यबिंदू आहे: कुठल्याही अणूपासून मधल्या बंधाच्या मध्यातून आरपार सरळ रेघ ओढली की पलीकडे तेवढ्याच अंतरावर तसाच अणू सापडतो. एवढंही रेणू कायरल नसण्यासाठी पुरतं. उरलेल्या दोन ठेवणी मात्र स्वतःपुरत्या कायरल आहेत! पण त्या एकमेकींची प्रतिबिंबं आहेत, त्यांची ऊर्जा अगदी सारखी आहे, म्हणून दोन्ही सारख्याच प्रमाणात असतात आणि क्षणात एकीतून दुसरीत जातात. एकीने प्रकाश जेवढा एका बाजूला वळवावा तेवढा दुसरीने उलट वळवावा, शिल्लक शून्य.

क च्या बाबतीत असं घडत नाही. तो कितीही वळला, कुठल्याही ठेवणीत गेला, तरी त्याची कुठलीच ठेवण ख च्या कुठल्याही ठेवणीशी जुळत नाही, कारण ख होण्यासाठी बंध वळवून भागत नाही, बंध तोडावे लागतात. तेव्हा कसोटी अशी: रेणूला बंध न तोडता पोहोचता येईल अशी एखादी ठेवण जरी स्वतःच्या प्रतिबिंबाशी जुळत असेल तरी तो रेणू कायरल नाही.

कड्यांच्या रेणूंनाही हेच लागतं. सिस-1,2-डायमिथिलसायक्लोहेक्सेनचं कडं खुर्चीच्या आकारात काढलं तर आरसा दिसत नाही, आणि ती खुर्ची खरोखर कायरल असते. पण खुर्ची उलटली की तिचं प्रतिबिंब मिळतं, आणि खोलीच्या तापमानाला ती उलटत राहते. कडं सपाट काढून केंद्रांना नावं दिली तर R आणि S मिळतात, गटांची यादी सारखी आहे, म्हणून मेसो. सपाट चित्र खोटं असलं तरी या कामापुरतं चालतं.

## प्रकाश वळत नाही, मग मेसो म्हणजे दोघांचं मिश्रणच ना?

ध्रुवित प्रकाश, म्हणजे एकाच पातळीत कंप पावणारा प्रकाश, क च्या द्रावणातून गेला की त्याची पातळी उजवीकडे वळते. ख च्या द्रावणातून तेवढीच डावीकडे. दोघे समसमान मिसळले तर शून्य, आणि अशा मिश्रणाला रेसेमिक म्हणतात. मेसोचंही माप शून्य. मापकयंत्राला या दोघांतला फरक कळत नाही, पण पदार्थ म्हणून ते पूर्ण वेगळे आहेत.

एकटा क किंवा एकटा ख साधारण १७० अंश सेल्सियसला वितळतो. दोघांचे समसमान रेणू एकत्र बांधून झालेला रेसेमिक स्फटिक २०६ अंशांच्या आसपास वितळतो आणि पाण्यात खूपच कमी विरघळतो. मेसोचा वितळणांक या दोन्हींहून खाली असतो. आणि मूळ फरक हा की रेसेमिक पदार्थ दोन भागांत वेगळा करता येतो, मेसो कधीच करता येत नाही, कारण त्यात वेगळं करायला दोन जातीचे रेणूच नाहीत.

१८४८ साली लुई पाश्चरने नेमकं हे वेगळं करून दाखवलं. रेसेमिक आम्लाच्या सोडियम-अमोनियम क्षाराचे स्फटिक त्याने भिंगाखाली पाहिले, तेव्हा त्यांत एकमेकांची प्रतिबिंबं असलेले दोन प्रकार दिसले. चिमट्याने एकेक उचलून त्याने दोन ढीग केले. एका ढिगाच्या द्रावणाने प्रकाश उजवीकडे वळवला, दुसऱ्याच्या डावीकडे. पुढे १८५३ साली टार्टारिक आम्लाचा एक क्षार तापवताना त्यालाच असं एक रूप मिळालं जे प्रकाश वळवत नव्हतं आणि विभागलंही जात नव्हतं. ते मेसो. कार्बनचे चार हात पिरॅमिडच्या कोपऱ्यांकडे असतात ही कल्पना व्हान्ट हॉफ आणि ले बेल यांनी मांडली ती १८७४ साली, म्हणजे त्यानंतर एकवीस वर्षांनी. तोवर तिसरा पदार्थ हातात होता, पण तो का आहे हे सांगायला चित्र नव्हतं.

## R म्हणजे प्रकाश उजवीकडे वळवणारा का?

नैसर्गिक टार्टारिक आम्ल (2R,3R) आहे आणि ते प्रकाश उजवीकडेच वळवतं, त्यामुळे गैरसमज पक्का होतो. पण तो योगायोग आहे. लॅक्टिक आम्लाचं S रूप प्रकाश उजवीकडे वळवतं. त्याचाच सोडियम क्षार केला तर केंद्राला कुणी हात लावलेला नसतो, नाव S च राहतं, आणि तरी प्रकाश डावीकडे वळतो. वळणाची दिशा यंत्रावर मोजायची असते, R आणि S नियमाने ठरवायचे असतात.

इतकंच काय, R आणि S वरून दोन वेगळ्या रेणूंची ठेवण सारखी आहे की नाही हेही थेट सांगता येत नाही. प्रथिनांतली सेरीन आणि सिस्टीन ही दोन अमिनो आम्लं बघा. अवकाशातली मांडणी तीच, फक्त सेरीनच्या OH च्या जागी सिस्टीनमध्ये SH. सेरीन S आहे आणि सिस्टीन R. सेरीनमध्ये CH<sub>2</sub>OH ची यादी O, H, H आणि COOH ची O, O, O, म्हणून COOH वरचढ. सिस्टीनमध्ये CH<sub>2</sub>SH ची यादी S, H, H, आणि गंधकाचा अणुक्रमांक १६ असल्याने पहिल्याच जागी निकाल लागतो. मान बदलला, फेरीची दिशा बदलली, नाव बदललं. रेणू जागचा हलला नाही.

मग एखाद्या बाटलीतला पदार्थ खरोखर R आहे हे पहिल्यांदा कळलं कसं? बराच काळ ते कळलेलंच नव्हतं. अंधारात मोज्यांचे दोन ढीग लावल्यासारखी स्थिती होती: कुठले मोजे एकाच हाताचे हे माहीत, पण कुठला ढीग उजव्या हाताचा हे कुणालाच माहीत नाही. एमिल फिशरने शर्करांसाठी एक बाजू गृहीत धरली आणि बाकी सगळं त्याला जोडून घेतलं. साधं क्ष-किरण विवर्तनही रेणू आणि त्याचं प्रतिबिंब यांत फरक करू शकत नव्हतं. १९५१ साली नेदरलँड्समधल्या युट्रेख्ट इथे बिफूट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टार्टारिक आम्लाचा सोडियम-रुबिडियम क्षार घेतला आणि झिर्कोनियमचे क्ष-किरण वापरले. या किरणांना रुबिडियमचा अणू इतरांपेक्षा वेगळा प्रतिसाद देतो आणि त्या छोट्या फरकातून उजवं-डावं सुटं झालं. फिशरने धरलेली बाजू बरोबर निघाली. ती उलटी निघाली असती तर तोवर छापलेलं प्रत्येक चित्र आरशात धरून वाचावं लागलं असतं. निरपेक्ष या शब्दाला खरा आधार मिळाला तो तेव्हा.

## दोनाऐवजी चार केंद्रं असतील तर

पद्धत तीच राहते, फक्त जोड्या लावायच्या: टोकांपासून सारख्या अंतरावरची केंद्रं एकमेकांसमोर. सहा कार्बनच्या साखळीत दुसरा पाचव्याशी आणि तिसरा चौथ्याशी. प्रत्येक जोडीत R विरुद्ध S आला तर मेसो. एक जरी जोडी चुकली तरी नाही.

याचा सर्वांत देखणा वापर फिशरने १८९१ साली ग्लुकोजची रचना उलगडताना केला. तेव्हा त्याच्याकडे क्ष-किरणांची पद्धत नव्हती. एक वाट होती ती शर्करा नायट्रिक आम्लाने ऑक्सिडाइज करण्याची. त्याने साखळीच्या दोन्ही टोकांना COOH तयार होतात, म्हणजे टोकं सारखी होतात, आणि मेसो होण्याची पहिली अट आपोआप पुरी होते. उरतो एवढाच प्रश्न की तयार झालेलं आम्ल प्रकाश वळवतं की नाही.

गॅलॅक्टोजपासून मिळालेलं आम्ल प्रकाश वळवत नाही. फिशर चित्रात त्याचे OH वरून खाली उजवा, डावा, डावा, उजवा असे आहेत. नावं दिली तर (2R,3S,4R,5S) येतं. दुसरा R तर पाचवा S, तिसरा S तर चौथा R. दोन्ही जोड्या विरुद्ध, म्हणून मेसो. ग्लुकोजपासून मिळालेलं आम्ल मात्र प्रकाश वळवतं. त्याचे OH उजवा, डावा, उजवा, उजवा. बाहेरच्या जोडीत नावं विरुद्ध येतात, आतल्या जोडीत येत नाहीत. एका शर्करेच्या आम्लाने यंत्राचा काटा शून्यावर ठेवला, दुसरीच्या आम्लाने हलवला, आणि तेवढ्यावरून फिशरला कागदावरच्या कितीतरी रचना एका झटक्यात बाद करता आल्या.